मदत हवी आहे: प्रोजेक्ट रिपोर्टात घसाऱ्याच्या ओळीला महागाई काहून नाही लावली?

तूरवाला_कारंजा
डाळमिल टाकतोय. सीएनं बँकेसाठी दहा वर्षांचा रिपोर्ट बनवला. त्यात तुरीचा भाव, डाळीचा भाव, वीज, हमाली सगळ्याला दरवर्षी ६ टक्के वाढ लावली. फक्त घसाऱ्यामुळे वाचणाऱ्या कराच्या ओळीला वाढ नाही, उलट आकडा दरवर्षी कमी होतो. विचारलं तर म्हणतो 'तसंच असते'. सोमवारी बँकेत जायचं आहे. ही चूक आहे की बरोबर, एवढं सांगा.

दर्यापूरकर
मशिनरी कितीची? फर्म आहे की एकट्याच्या नावावर? हिशेबाच्या वह्या ठेवणार की उलाढालीवर ठरावीक टक्के नफा दाखवून मोकळे होणार? तसं असेल तर घसारा वेगळा मिळतच नाही, तो त्या टक्केवारीतच धरलेला असतो. मग ती ओळच काढावी लागेल.

सोयाबीन_दिग्रस
भाऊ, ट्रॅक्टरचा घसारा विमा कंपनी कशी कापते ते आधी बघा. माझ्या ट्रॅक्टरच्या क्लेममध्ये रबर आणि प्लॅस्टिकच्या भागांचे अर्धे पैसे कापले होते. भांडल्याशिवाय काही मिळत नाही.

तूरवाला_कारंजा
विम्याचं नाही विचारून रायलो दादा. मशिनरी २० लाख: क्लिनर, डेस्टोनर, भरडा रोलर, पॉलिशर, एलिवेटर, ग्रेडर. भागीदारी फर्म आहे, वह्या ठेवणार, ऑडिट होणार.

मूर्तिजापूर_मिल
सोपं आहे. घसारा घटत्या शिल्लकेवर लागतो. पहिल्या वर्षी २० लाखांवर १५ टक्के, दुसऱ्या वर्षी १७ लाखांवर १५ टक्के. आकडा खाली येतो तो त्यामुळं. महागाईचा काही संबंध नाही. सीए बरोबर आहे.

वऱ्हाडी_लेखापाल
मूर्तिजापूर_मिल, आकडा का घटतो ते तुम्ही बरोबर सांगितलं. पण महागाईचा संबंध नाही हे पटत नाही. इथे दोन वेगळ्या गोष्टी घडतात.

घसारा ज्या रकमेवर लागतो ती बिलावरची रक्कम, २० लाख. बिल एकदा फाटलं की आयकर खात्यासाठी ती किंमत गोठली. पुढे तेच मशीन ३५ लाखांना विकलं जाऊ लागलं तरी तुमच्या वहीत २०च. फर्मचा कर उपकरासह ३१.२ टक्के धरा. मग सगळ्या वर्षांत मिळून जास्तीत जास्त ६ लाख २४ हजार रुपये कर वाचेल. महागाई २ टक्के असो की २०, हा आकडा हलत नाही. समजा दरवर्षी सारखाच घसारा मिळण्याची पद्धत असती, तरी हेच झालं असतं. म्हणून दोष घटत्या शिल्लकेचा नाही.

आता त्या रुपयाची खरेदीची ताकद बघा. पाचव्या वर्षी साधारण ४८,९०० रुपये कर वाचतो. महागाई ६ टक्के राहिली तर आजच्या भावानं ते ३६,५०० होतात, १० टक्के राहिली तर ३०,३००. सगळ्या वर्षांची बेरीज आजच्या रुपयात केली तर ६ टक्क्यांना सुमारे ४.४६ लाख आणि १० टक्क्यांना ३.७४ लाख येते. म्हणजे महागाई चार टक्के वाढली की तुमचे ७० हजार गेले, आणि वहीत कुठंच दिसणार नाहीत.

डाळीची विक्री नव्या भावानं वाढते, पण मशीनचा खर्च जुन्या भावानंच वजा होतो. कागदावरचा नफा फुगतो आणि त्यावर खरा कर भरावा लागतो. दहा वर्षांनी मशीन बदलायला जाल तेव्हा ६ टक्क्यांनं ते ३५-३६ लाखांचं झालेलं असेल.

तूरवाला_कारंजा
मंग बाकी ओळींना ६ टक्के आणि इथं शून्य, हे बरोबरच झालं ना?

वऱ्हाडी_लेखापाल
हो, पण एका अटीवर. रिपोर्टात भविष्यातले पैसे आजच्या किमतीत आणायला कोणता दर वापरला आहे? ११-१२ टक्क्यांच्या आसपास असेल तर त्यात महागाई धरलेली आहे आणि ती ओळ जशी आहे तशीच ठेवा. ५ टक्क्यांसारखा, महागाई वगळलेला दर असेल तर ही ओळ फार भारी दिसेल. त्या पद्धतीत बाकी ओळींना वाढ लावायचीच नसते, आणि घसाऱ्याची बचत मात्र महागाईनं भागून घ्यायची असते. गफलत इथंच होते. विक्री एका पद्धतीनं, घसारा दुसऱ्या पद्धतीनं. म्हणून तो दर कुठं लिहिलाय ते शोधा.

तूरवाला_कारंजा
सापडला, शेवटच्या पानावर. ११ टक्के.

वऱ्हाडी_लेखापाल
मग तुमच्या सीएनं नीट काम केलंय.

चांदूर_बाजार
महागाईची भरपाई मिळते की! आमच्या काकांनी प्लॉट विकला तेव्हा महागाई निर्देशांकानं खरेदी किंमत वाढवून मिळाली होती.

दर्यापूरकर
ते जमिनीचं, तेही भांडवली नफ्यासाठी. २३ जुलै २०२४ नंतर तिथंही बहुतेक ठिकाणी ती सोय गेली. ज्या मशीनवर घसारा घेतला त्याला निर्देशांक कधीच लागू नव्हता. इस्रायलनं १९८५ मध्ये कायदा करून करपात्र नफ्यात महागाईची दुरुस्ती आणली होती. तिथं महागाई शेकड्यांनी चढली होती म्हणून. आपल्याकडं नाही.

मूर्तिजापूर_मिल
पण लेखापाल साहेब, एक बाजूच सांगता तुम्ही. हे २० लाख कर्जाचे असतील ना? मग फेडीचा रुपयाही हलका होतो. महागाईनं घसाऱ्यात जे जाते ते कर्जात परत येते. आमचं तसंच झालं. २०१० च्या आसपास महागाई दोन आकडी होती, हप्ता तोच होता, डाळीचा भाव चढला, कर्ज कधी फिटलं कळलं नाही.

वऱ्हाडी_लेखापाल
तुमचा दर कायमचा ठरलेला होता म्हणून. ऑक्टोबर २०१९ पासून सूक्ष्म आणि लघु उद्योगांची बदलत्या दराची नवी बँक कर्जं बाहेरच्या दराला, बहुतेक ठिकाणी रिझर्व्ह बँकेच्या रेपो दराला, बांधलेली असतात. महागाई वाढली की रेपो वाढतो आणि हप्ताही. कर्जाचा फायदा आयता मिळेल असं धरू नका.

मूर्तिजापूर_मिल
मला नाही पटत. व्याज थोडं वाढेल, पण मुद्दल थोडीच वाढणार आहे?

सोयाबीन_दिग्रस
अनुदान घ्या ना! सूक्ष्म अन्नप्रक्रियेची केंद्राची योजना अजून चालू असेल तर तिच्यात ३५ टक्के मिळतात, कमाल १० लाख. एवढा विचार कशाला करता?

दर्यापूरकर
जरूर घ्या, पण अनुदानाची रक्कम मशीनच्या किमतीतून वजा होते. २० लाखांतले ७ लाख अनुदान आलं तर घसारा १३ लाखांवरच. रिपोर्ट बदलावा लागेल.

तूरवाला_कारंजा
अनुदानाचा अर्ज अजून केला नाही, विचार करतो. आणखी एक. तूर जानेवारीत येते, तेव्हाच मिल सुरू करीन. एक जण म्हणाला की मार्चपर्यंत १८० दिवस भरत नाहीत म्हणून पहिल्या वर्षी अर्धाच घसारा मिळेल. मंग एप्रिलपर्यंत थांबू काय?

वऱ्हाडी_लेखापाल
थांबू नका. जानेवारीत सुरू केली तर या मार्चला दीड लाख आणि पुढच्या मार्चला २ लाख ७७ हजार ५०० असा घसारा मिळेल. एप्रिलमध्ये केली तर पुढच्या मार्चला फक्त ३ लाख. रुपया हलका होत असताना आधी मिळालेलं बरं, आणि हंगामही हातचा जाणार नाही.

पण या तीन महिन्यांत फर्मला नफा होईल का ते बघा. नफाच नसेल तर न वापरलेला घसारा पुढे ओढता येतो, वर्षांची मर्यादा नाही, पण त्यावर एक पैसाही वाढ मिळत नाही. तीन-चार वर्षं तसाच पडून राहिला तर तिथंही महागाई त्याला खाते. पहिल्या दोन वर्षांच्या नफ्याचे आकडे सीएनं कोणत्या हिशेबानं धरलेत, ते इथं टाका.