शब्दचर्चा: ‘रामनाथ’ तत्पुरुष की बहुव्रीही?

पोफळी
लेक यंदा दहावीला. रविवारी कवळ्याहून रामनाथी, तिथून नागेशी असं देवदर्शन करताना तिने गाडीत खेळ काढला: पाटीवर देवाचं नाव दिसलं की समास सांगायचा. ‘शांतादुर्गा’ला शांत अशी दुर्गा, म्हणून कर्मधारय. ‘नागेश’ला नागांचा ईश, म्हणून षष्ठी तत्पुरुष. ‘रामनाथ’लाही ती तत्पुरुषच म्हणाली, रामाचा नाथ. मागे बसलेला माझा भाऊ म्हणाला, छे, राम ज्याचा नाथ तो रामनाथ, बहुव्रीही. फोंडा आलं तरी वाद संपेना.
तिला व्याख्या पाठ आहेत. पहिलं पद प्रधान, दुसरं पद प्रधान, सगळं. पण ‘प्रधान’ कुठलं ते ओळखायचं कसं, हे विचारल्यावर ती गप्प आणि मीही गप्प. शब्दाला विचारून बघता येईल असा एखादा साधा प्रश्न आहे का?

केपेची वाट
यात वाद कसला? राम + ईश्वर = रामेश्वर, अ आणि ई मिळून ए. रामनाथात काही बदलतच नाही, त्यामुळे तो समास नव्हेच.

पोफळी
दादा, ती संधी झाली. मी समास विचारते आहे.

जुना मास्तर
दरवर्षी निम्मा वर्ग हीच चूक करायचा, त्यामुळे रागावण्यासारखं काही नाही. जोडावर अक्षरांचं काय होतं ते संधी सांगते. दोन शब्दांचं आपसातलं नातं काय ते समास सांगतो. ‘नागेश’मध्ये दोन्ही आहेत, ‘रामनाथ’मध्ये फक्त समास.

मांडवीकाठ
मी शिकवणीत मुलांना दहा सेकंदांची युक्ती देतो. शब्द फोडा. मधे ‘आणि’ बसला तर द्वंद्व. ‘चा’, ‘ने’, ‘साठी’ असं काही बसलं तर तत्पुरुष. सुरुवातीला आकडा असेल तर द्विगू. ‘ज्याचा’ म्हणावं लागलं तर बहुव्रीही. माझी मुलं यावर पैकीच्या पैकी आणतात.

जुना मास्तर
युक्ती वाईट नाही, पण तुमच्या मुलांना पुस्तकातलेच शब्द येत असणार. ‘साखरभात’ घ्या. साखर आणि भात, ‘आणि’ मजेत बसतो. मग साखरभात द्वंद्व का? आणि ‘डाळभात’? डाळीचा भात म्हटलं तर ‘चा’ बसतोच की. तुमच्या युक्तीत फोड आधी करायची आहे, आणि फोड बरोबर कुठली हे कळण्यासाठी समास आधीच ओळखलेला लागतो.
मी उलट्या बाजूने जायचो. फोड बाजूला ठेवायची आणि शेवटच्या पदाकडे बोट दाखवून विचारायचं: ही वस्तू त्यातलीच आहे का? साखरभात हा भात आहे का? आहे, भाताचाच एक प्रकार. म्हणजे दुसरं पद प्रधान, घर तत्पुरुषाचं. सोलकढी ही कढी आहे का? आहे, सोलांची कढी. डाळभात हा भाताचा प्रकार आहे का? नाही. ताटात दोन जिनसा आहेत. म्हणजे द्वंद्व.
दोन्हींना ‘नाही’ आलं, वस्तू यातलीही नाही आणि त्यातलीही नाही, तर तिसराच कोणी आहे. नीलकंठ हा कंठ नव्हे, नुसता निळा रंगही नव्हे. तो शंकर. तो बहुव्रीही. आणि शब्द वस्तूचं नावच नसेल, ‘कसं’, ‘किती’, ‘केव्हा’ याचं उत्तर देत असेल, जसं यथाशक्ती, दररोज, घरोघर, तर अव्ययीभाव. हा शेवटचा खरं तर सगळ्यांत आधी विचारावा, म्हणजे एक घर लगेच बाजूला होतं.

नवी वही
सर, द्वंद्वाचे तीन प्रकार माझे नेहमी चुकतात. आईबाप, भाजीपाला, बरंवाईट.

जुना मास्तर
त्यांना वाक्यात चालवून बघ. ‘आईबाप आले’, अनेकवचन, कारण माणसं दोन आहेत आणि दोघं वेगळी उभी आहेत. तो इतरेतर. ‘भाजीपाला महागला’, एकवचन, आणि त्यात मिरच्या, कोथिंबीर, दुधी, सगळं आलं. शब्दात नाव दोघांचं, गाठोडं सगळ्यांचं. तो समाहार. ‘यातलं बरंवाईट तूच ठरव’ म्हटलं की ‘किंवा’ बसतो, तो वैकल्पिक.
जाता जाता, ‘जिवाचं बरंवाईट करून घेतलं’ म्हणताना बरं कोणाच्याच मनात नसतं. भाषा अशी लबाडी करते. परीक्षेत मात्र वैकल्पिकच लिही.

खाजेवाला
आमचा जत्रेत खाज्यांचा आणि एरवी चहा-भाजीपावचा गाडा. मुंबईची गिऱ्हाइकं फळीवर ‘भाजीपाव’ वाचून हसतात, म्हणतात पावभाजी लिहा. मी म्हणतो ती वेगळी, ही वेगळी. आमच्याकडे पातळ भाजी आणि सोबत पाव. हा मास्तरांचा समाहार का?

जुना मास्तर
बाब, तुमचा भाजीपाव सरळ द्वंद्व. तो पावाचा प्रकार नव्हे. ‘भाजीपाव संपला’ म्हणता, एकवचन, तेव्हा समाहार.

मांडवीकाठ
आणि मुंबईची पावभाजी? ‘पावभाजी संपली’. शेवटी भाजी म्हणून स्त्रीलिंग. मग दुसरं पद प्रधान झालं ना? तत्पुरुष!

जुना मास्तर
लिंगावर जाऊ नका, तिथे पाय घसरतो. मराठीत समाहार द्वंद्वही शेवटच्या पदाचं लिंग घेतो. मीठभाकर ‘मिळाली’, भाजीपाव ‘संपला’. लिंगाने तत्पुरुष सिद्ध होत नाही. विचारायचं तेच: पावभाजी ही भाजी आहे का? लोक ‘पावभाजीची भाजी अजून वाढा’ म्हणतात, म्हणजे त्यांच्या डोक्यात पावभाजी भाजीहून मोठी आहे. माझं मत द्वंद्वाकडे.

मांडवीकाठ
पावासोबत खायची भाजी, मधलं पद लोपलेलं, पुरणपोळीसारखं. मला तरी ते जास्त पटतं.

जुना मास्तर
पुरणपोळीत पुरण पोळीच्या पोटात असतं. पाव भाजीच्या पोटात नसतो. पण भाजी वेगळी विकत घेऊन घरी नेणारा माणूस ‘पावभाजी आणली, पाव घरी आहेत’ म्हणत असेल, तर त्याच्यापुरतं तुमचं बरोबर.

पोफळी
पावात रामनाथ राहिला!

जुना मास्तर
विसरलो नव्हतो, मुद्दाम मागे ठेवला. संस्कृत पाठशाळांत ‘रामेश्वर’ शब्दावर एक जुना किस्सा सांगतात. विष्णू म्हणाला, हा तत्पुरुष, रामाचा ईश्वर तो शिव. शिव म्हणाला, बहुव्रीही, राम ज्याचा ईश्वर तो मी. बाकीचे देव म्हणाले, दोघं एकच, राम हाच ईश्वर, म्हणून कर्मधारय. दोघेही एकमेकांना मोठेपणा देताहेत आणि व्याकरण दोघांनाही होकार देतंय.
रामनाथीचा देव शिव, मूळ लोटलीचा, आणि रामाने शिवलिंग पूजल्याच्या रामेश्वराच्या कथेशी त्याचं नाव जोडलेलं. आता प्रश्न लावून बघा. रामनाथ हा नाथ आहे का? रामाने पूजलेला, म्हणून रामाचा नाथ, असं घेतलं तर ‘आहे’ आणि लेकीचा तत्पुरुष बरोबर. शिव रामाचं नाम घेतो, त्याचा नाथ राम, असं घेतलं तर शब्दातला नाथ राम झाला, शिव बाहेरचा तिसरा, आणि तुमच्या भावाचा बहुव्रीही बरोबर. दोन्ही वाटा शिवापाशीच येतात. नुसत्या शब्दावरून निकाल लागणार नाही, अर्थ आधी ठरवावा लागेल. परीक्षेत मी तत्पुरुष लिहायला सांगेन, आणि विग्रह शेजारी लिहिलाच पाहिजे, म्हणजे तपासणाऱ्याला कळेल तिने कुठला अर्थ घेतला.

नवी वही
‘पीतांबर’चंही असंच का? मी पाठ केलेलं बहुव्रीही, विष्णू.

जुना मास्तर
‘भटजी पीतांबर नेसले’ यात विष्णू कुठे आहे? तो पीतांबर हे वस्त्रच आहे, म्हणून कर्मधारय. ‘पीतांबर प्रसन्न झाला’ यात वस्त्र प्रसन्न होत नाही, म्हणून बहुव्रीही. प्रश्नात वाक्य दिलं असेल तर शब्द पाठ असूनही वाक्य वाच.

मांडवीकाठ
बरं, आकड्याची युक्ती तरी मान्य करा. नार्व्याचा सप्तकोटेश्वर. सप्त आलं, द्विगू.

जुना मास्तर
तिथेही नाही. महाराजांनी १६६८ मध्ये जीर्णोद्धार केलेला तो देव ‘ईश्वर’ आहे की सात कोटींचा गट? ईश्वर आहे. म्हणजे सबंध शब्द तत्पुरुष. आकडा आतल्या तुकड्यात आहे, आणि तो तुकडाच द्विगू. तीन पदं असली की शेवटचा जोड आधी सोडवायचा.

केपेची वाट
संधीवरून मी हसं करून घेतलं, पण आता खरंच विचारतो. कोटी + ईश्वर म्हणजे ‘कोटीश्वर’ व्हायला हवं. ‘कोटेश्वर’ कसं?

जुना मास्तर
हे मात्र चांगलं पकडलंत. संधीच्या नियमाने ‘कोटेश्वर’ व्हायला मधे ‘कोट’ लागतो. सात कोटी वर्षांच्या तपाची कथा सगळे सांगतात, पण रूप त्या कथेशी जुळत नाही. समासाचा निकाल त्याने बदलत नाही, विग्रह बदलतो.

नवी वही
अजून एक. वास्कोचा दामोदर सप्ताह. सप्ताह म्हणजे सात दिवसांचा समूह, द्विगू. पण तिथे भजन अखंड २४ तास चालतं, सात दिवस नाही!

जुना मास्तर
तरी द्विगूच. शब्द घडला तेव्हा सात दिवसच होते. पुढे अर्थ सरकला म्हणून घडण बदलत नाही.

पोफळी
मास्तर, एक मिनिट. पीतांबरला तुम्ही म्हणालात, वाक्यातला अर्थ बघा. सप्ताहाला म्हणता, अर्थ सोडा, घडण बघा. लेक विचारते आहे, मग मडकईची नवदुर्गा? शब्दात नऊ दुर्गा, देवळात देवी एकच.

जुना मास्तर
लेकीला सांगा, मास्तर अडले. पीतांबरमध्ये दोन्ही अर्थ आज जिवंत आहेत, म्हणून वाक्य निवड करतं. वास्कोत सात दिवसांचा अर्थ मागे पडला, नुसतं नाव उरलं. नवदुर्गा या दोहोंच्या मधे कुठेतरी आहे. नऊ दुर्गांचा समूह म्हटलं तर द्विगू, नऊ रूपं जिच्यात आहेत ती एक देवी म्हटलं तर बहुव्रीही. मी द्विगू लिहीन, पण मडकईच्या माणसासमोर ते ठासून सांगायला जाणार नाही.

खाजेवाला
मडकईच्या जत्रेत मी असतोच. तिथल्या पुजाऱ्यांना विचारून येतो. आणि फळीवर भाजीपावच राहणार.