ध्रुपदाची नोंद का हवी

‘पहिल्या ओळीची सूची असताना ध्रुपदाची, म्हणजे पुन्हापुन्हा म्हणायच्या कडव्याची, वेगळी कशाला?’ असे कोणी विचारते. अभंगांच्या वहीपुरते तरी ती हवीच, कारण गाथेत ‘ध्रु.’ ही खूण बहुधा दुसऱ्या कडव्याला असते. ‘सुंदर ते ध्यान’ या अभंगाचे ध्रुपद ‘तुळसीहार गळां’ येथे सुरू होते. टाळकऱ्यांना पुन्हापुन्हा म्हटलेले तेच आठवते आणि फर्माईशही त्याच शब्दांत येते, तेव्हा ‘त’ खाली शोधणारा भजनचालक अडतो. मात्र दोन याद्या करू नयेत. एकाच अकारविल्ह्यात दोन्ही नोंदी घ्याव्यात, ध्रुपदापुढे फुली करावी आणि पानाऐवजी अभंगाचा क्रमांक द्यावा, म्हणजे नव्या छपाईत पाने सरकली तरी सूची चुकत नाही. क्रम लावताना ‘तें’ आणि ‘ते’ एकच धरावेत, नाहीतर जुन्या अनुस्वारांमुळे नोंदी विखुरतात.

विषयवारी भजनाच्या क्रमानेच लावावी: रूपाचे अभंग आधी, मग नामपर, उपदेशपर, गौळणी वगैरे. एक अभंग दोन विषयांत बसत असेल, तर त्याचा क्रमांक दोन्हीकडे खुशाल लिहावा. ‘संकीर्ण’ हे सदर मात्र टाळावे, कारण ऐन कार्यक्रमात ते कोणी उघडत नाही.