मंडळाच्या सभागृहाचे भाडे, दिवाळी अंकाच्या जाहिराती आणि धर्मादाय संस्थेवरचा कर

नवा_खजिनदार: अमेरिकेतील आमच्या मराठी मंडळाला धर्मादाय संस्था म्हणून फेडरल प्राप्तिकरातून माफी आहे. मंडळाने कर्ज काढून सभागृह घेतले असून रिकाम्या शनिवारी ते लग्नांना व बारशांना भाड्याने दिले जाते. शिवाय दिवाळी अंकात जाहिराती असतात. आमचे हिशेबनीस म्हणतात की 990-टी हा फॉर्म भरून कर द्यावा लागेल. सगळा पैसा मुलांच्या मराठी शाळेवरच खर्च होत असताना हा कर मला अन्यायाचा वाटतो. तुमचे मत काय?

ठाम_मत: अन्यायच आहे. पैसा कोठून आला यापेक्षा तो कोठे गेला हे सरकारने पाहिले पाहिजे. मंडळात कोणी भागधारक नाही, लाभांश कोणी घरी नेत नाही. मग लग्नाच्या भाड्यातून शिक्षिकेचे मानधन निघाले तर त्यात सरकारचा वाटा कशासाठी? तसेही, माझ्या माहितीप्रमाणे जागेच्या भाड्यावर धर्मादाय संस्थेला कर नसतोच. तुमच्या हिशेबनिसांनी उगाच घाबरवलेले दिसते.

जुना_हिशेबनीस: पैसा कोठे गेला ते पाहा, हा युक्तिवाद एके काळी न्यायालयांनाही मान्य होता. 1947 मध्ये न्यूयॉर्क विद्यापीठाच्या विधी महाविद्यालयाच्या हितचिंतकांनी म्यूलर ही न्यू जर्सीतील मॅकरोनी बनवणारी कंपनी घेतली आणि तिचा सर्व नफा महाविद्यालयाला मिळेल अशी रचना केली. कंपनीने करमाफी मागितली आणि 1951 मध्ये अपील न्यायालयाने जुन्या कायद्यानुसार ती दिलीही. मात्र तोपर्यंत अमेरिकी काँग्रेसने 1950 च्या कायद्याने पुढच्या काळासाठी दार लावून घेतले होते. असेच चालू राहिले तर देशातील सगळ्या शेवया विद्यापीठांच्याच मालकीच्या कंपन्या बनवतील, अशी धास्ती एका खासदाराने सुनावणीत बोलून दाखवली होती. शेजारचा मॅकरोनीवाला कर भरतो आणि हा भरत नाही, ही तक्रार होती.

तेव्हापासून तीन प्रश्न विचारले जातात: हा व्यवसाय आहे का, तो नियमित चालतो का, आणि संस्थेच्या मूळ कार्याशी त्याचा ठोस संबंध आहे का. मिळालेला पैसा सत्कार्याला लागतो, एवढ्याने तो संबंध सिद्ध होत नाही. मात्र कर फक्त त्या व्यवसायाच्या निव्वळ नफ्यावर लागतो. मंडळाची देणगी आणि वर्गणी त्यात येत नाही.

विश्वस्त_सातारा: आमच्याकडेही हेच चालले आहे. आमच्या न्यासाचे मंगल कार्यालय आहे आणि त्याच्या उत्पन्नावरून आयकर खात्याने आम्हाला नोटीस पाठवली आहे. आम्ही वीस टक्क्यांच्या आत आहोत असे आमचे सीए सांगतात. तुमच्याकडे ही मर्यादा किती आहे?

जुना_हिशेबनीस: साहेब, तो भारतातील कायदा आहे आणि त्याची घडण वेगळी आहे. ‘सार्वजनिक उपयोगितेचे इतर कार्य’ या वर्गात बसणाऱ्या न्यासाची धंदेवाईक जमा एकूण जमेच्या वीस टक्क्यांपुढे गेली तर त्या वर्षाची माफीच धोक्यात येते. अमेरिकेत अशी टक्केवारीची रेषा आखलेली नाही. इथे असंबंधित धंदा संस्थेचे मुख्य काम होऊन बसला तरच मूळ दर्जाला धोका असतो. एरवी तेवढ्या नफ्यावर कर भरला की प्रश्न मिटतो. तुमची नोटीस तुमच्या सीएंनाच पाहू द्या.

उलट_तपासणी: मला कर योग्य वाटतो, पण शेजारच्या मॅकरोनीवाल्याचे कारण पटत नाही. करमाफी असली म्हणून विद्यापीठ मॅकरोनी स्वस्त का विकेल? ज्या किमतीला कर भरणाऱ्याचा नफा सर्वाधिक असतो, त्याच किमतीला माफी असणाऱ्याचाही असतो. खरी अडचण वेगळी आहे. कर नसलेला खरेदीदार तीच कंपनी जास्त किंमत देऊन घेऊ शकतो, आणि हळूहळू करपात्र उद्योग माफीच्या छत्राखाली सरकत जातात. तोटा शेजाऱ्यापेक्षा तिजोरीचा अधिक होतो.

जुना_हिशेबनीस: हे बरोबर आहे, आणि खजिनदारांच्या कर्जाचा संबंध इथेच येतो. 1965 मध्ये सुप्रीम कोर्टापुढे आलेल्या क्ले ब्राउन खटल्यात एका कर्करोग-संशोधन संस्थेने लाकूड कापण्याचा कारखाना जवळजवळ स्वतःचा पैसा न घालता विकत घेतला होता. कारखाना चालवायला दिला, त्याचा नफा भाड्याच्या रूपाने संस्थेकडे आला आणि त्यातूनच विक्रेत्याचे हप्ते फेडायचे होते. भाडे करमुक्त असल्यामुळे हे जमत होते. कोर्टाने विक्रेत्याच्या बाजूने निकाल दिल्यावर 1969 मध्ये काँग्रेसने नियम रुंदावला, आणि कर्जाऊ मालमत्तेचे उत्पन्न कर्जाच्या प्रमाणात करपात्र झाले.

म्हणून ‘ठाम_मत’ यांचे म्हणणे अर्धे खरे आहे. निव्वळ जागेचे भाडे करमुक्त असते, पण कर्ज नसेल तर. समजा सभागृहाची पुस्तकी किंमत वर्षभरात सरासरी 10 लाख डॉलर आणि खरेदीचे थकलेले कर्ज सरासरी 4 लाख आहे. भाडे 30,000 आले आणि भाड्याच्या दिवसांच्या वाट्याला घसारा, व्याज, वीज मिळून 18,000 खर्च आला. उरलेल्या 12,000 पैकी 40 टक्के, म्हणजे 4,800 हिशेबात येतात. त्यातून 1,000 ची ठरावीक वजावट गेली की 3,800 वर 21 टक्के दराने 798 डॉलर कर होतो. राज्याचा कर असल्यास तो वेगळा. सभागृहाचा 85 टक्के किंवा अधिक वापर मंडळाच्या स्वतःच्या कार्यासाठी होत असेल तर हा कर्जाचा नियम लागतच नाही; त्यामुळे शाळेच्या, तालमींच्या आणि लग्नांच्या तासांची नोंदवही आजपासून ठेवा. तीच नसल्याने संस्था अडचणीत येतात.

वाढपी, सजावट, स्वयंपाकघराची माणसे मंडळ पगार देऊन पुरवत असेल, तर मात्र ते भाडे राहत नाही आणि मग कर्ज असो वा नसो, पूर्ण 12,000 हिशेबात येतात. यजमानाने आपला केटरर आपणच आणला, तर हा प्रश्न उद्भवत नाही.

ठाम_मत: 798 डॉलरसाठी नोंदवह्या आणि फॉर्म! छोट्या मंडळाला कराहून हिशेबनिसाचे बिलच जास्त पडेल. ही रक्कम शाळेला मिळाली असती, हे माझे म्हणणे मी मागे घेत नाही.

उलट_तपासणी: त्यावर उपाय म्हणून वजावटीचा आकडा वाढवा. 1,000 डॉलर ही रक्कम 1950 पासून चालत आली आहे. चलनवाढीने तिचा अर्थच गेला आहे. नियम मोडीत काढायचे ते कारण नाही.

नवा_खजिनदार: नोंदवही ठेवतो. दिवाळी अंक मात्र वर्षातून एकदाच निघतो, मग तो ‘नियमित’ कसा?

जुना_हिशेबनीस: यावर एकमत नाही. महाविद्यालयीन क्रीडा संघटनेच्या बास्केटबॉल स्पर्धेच्या माहितीपुस्तिकेतील जाहिराती नियमित नाहीत, असे 1990 मध्ये एका अपील न्यायालयाने म्हटले. कर खात्याने तो निकाल इतरत्र मानला नाही. जाहिराती गोळा करण्यात गेलेले महिनेही मोजावेत, असे त्याचे मत आहे. तुमच्यासाठी त्याहून भक्कम आधार वेगळा आहे: एखाद्या व्यवसायाचे जवळपास सगळे काम बिनपगारी स्वयंसेवक करत असतील, तर त्याचे उत्पन्न असंबंधित धरले जात नाही. जाहिराती कोण गोळा करते?

नवा_खजिनदार: निम्म्या जाहिराती समितीचे सदस्य आणतात. उरलेल्या एका परिचितांकडून येतात; त्यांना पंधरा टक्के कमिशन देतो.

जुना_हिशेबनीस: मग स्वयंसेवकांचा आधार गेला. पुढच्या अंकाआधी कमिशन थांबवा, आणि यंदाच्या जाहिरातींची एकूण जमा किती ते इथे लिहा. खर्च वजा करण्याआधीच्या भाड्याचा करपात्र भाग आणि ही जमा मिळून 1,000 डॉलर भरले की शेवटी कर शून्य निघाला तरी 990-टी भरावाच लागतो.