उत्तर: कॅप्लन नावाचा हेर

> जॉर्ज कॅप्लन नावाचा हेर असलेला जुना हॉलिवूडपट कोणता? हेर शेवटपर्यंत दिसलाच नाही असं आठवतंय.

हिचकॉकचा 'नॉर्थ बाय नॉर्थवेस्ट', १९५९. दिसणार कुठून, कॅप्लन मुळात नाहीच! खरी हेर ईव्ह केंडल. तिच्यावर संशय जाऊ नये म्हणून गुप्तचर खातं कॅप्लनच्या नावाने हॉटेलात खोल्या घेतं, कपाटात सूट टांगतं. हॉटेलात पोऱ्या कॅप्लनच्या नावाने हाका मारत असतो, नेमकं तेव्हाच तार करायची म्हणून सिनेमाचा नायक थॉर्नहिल त्याला हात करतो आणि शत्रूची माणसं त्यालाच उचलतात. पुढे कॅप्लनच्या खोलीतला सूट त्याला आखूड होतो, आणि मोलकरणीने कॅप्लनला कधी पाहिलेलंच नसतं. बनाव तिथेच उघडा पडतो, पण थॉर्नहिलच्या ते लक्षात येत नाही. हेरपट असला तरी गॅजेट म्हणाल तर मूर्तीच्या पोटातली मायक्रोफिल्म, बस्स.