शब्दचर्चा: ‘लग्नाला येऊ शकणार नाही’ हे न दुखावता कसं लिहायचं?

कावेरीकाठ
मी वाढले बंगळुरात. मराठी घरात बोलण्यापुरती, लिहायची सवय नाही. आता पुण्यात नोकरी करते. टीममधल्या एका मित्राचं लग्न सांगलीला आहे आणि मला जाता येणार नाहीये. त्याने पत्रिका पाठवली, वर ‘नक्की यायचं, आई-बाबांनीही सांगितलंय’ असं मराठीतच लिहिलं, म्हणून उत्तर इंग्रजीत द्यावंसं वाटेना. डोक्यात आधी इंग्रजीच आलं: ‘थँक यू सो मच फॉर इन्व्हायटिंग मी. अनफॉर्च्युनेटली, ड्यू टु अ प्रायर कमिटमेंट, आय वोन्ट बी एबल टु अटेंड. आय विल बी देअर इन स्पिरिट. विशिंग यू बोथ अ लाइफटाइम ऑफ हॅपिनेस.’

त्याचं मी केलेलं मराठी:

‘मला आमंत्रित केल्याबद्दल आपले खूप धन्यवाद. दुर्दैवाने, पूर्वनियोजित वचनबद्धतेमुळे मी आपल्या विवाहास उपस्थित राहू शकणार नाही, याचा मला खेद आहे. मी आत्म्याने तिथे असेन. आपणा दोघांना आयुष्यभराच्या आनंदाच्या शुभेच्छा.’

शेजारच्या टेबलावरच्या मैत्रिणीला दाखवलं तर तिने विचारलं, “कोण गेलं?” काय चुकलं ते सांगा.

चहाबिस्कीट
‘आत्म्याने’ काढ आधी! बाकी ठीक आहे की. ‘खेद’ शुद्ध शब्द आहे. फक्त ‘आमंत्रित’ऐवजी ‘निमंत्रित’ हवं. शुभकार्याचं ते निमंत्रण, साध्या चहापाण्याचं ते आमंत्रण, असं आम्हाला शाळेत शिकवलंय.

मुक्काम पोस्ट मिरज
आमचं मंगल कार्यालय आहे, म्हणून सांगतो. पत्रिकेत ‘अगत्य येण्याचे करावे’ एवढं पुरतं. ‘आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं’ ही ओळ लहान मुलांच्या नावाने खाली टाकायची. आणि आहेर नको असेल तर तेही स्पष्ट छापा.

कावेरीकाठ
काका, पत्रिका माझी नाहीये. मला ‘येत नाही’ असं कळवायचंय.

मुक्काम पोस्ट मिरज
अरेच्चा. मग एकच सांगतो, काय ते साफ कळवा. ‘बघतो, जमलं तर येतो’ म्हणणाऱ्या लोकांनी आमचा जीव खाल्लाय. यजमान त्यांना धरून ताटं सांगतात आणि शेवटच्या पंगतीला जिलेबी तशीच पडून राहते.

जुना खडू
चाळीस वर्षं मुद्रितं तपासली, त्यामुळे हात शिवशिवतोय. एकेक बघू.

‘दुर्दैवाने’ या शब्दात तुमच्या मैत्रिणीच्या प्रश्नाचं उत्तर आहे. इंग्रजीत तो शब्द झिजून गुळगुळीत झालाय, बस चुकली तरी वापरतात. मराठीत ‘दुर्दैव’ अजून जड आहे. त्यातून आपली भाषा मंगल प्रसंगी फार जपून बोलते. निघताना ‘जातो’ न म्हणता ‘येतो’ म्हणायचं, बांगडी फुटली न म्हणता ‘वाढवली’ म्हणायचं. तिथे लग्नाच्या उत्तरात दुसऱ्याच वाक्याला दुर्दैव आलं की वाचणारा दचकणारच. त्याला प्रतिशब्द शोधूच नका. तो भाव मराठीत क्रियापदातून येतो.

आता ते क्रियापद. हीच वाक्यं एकापाठोपाठ मोठ्याने म्हणून बघा:

मी येणार नाही.
मी येऊ शकणार नाही.
मला यायला जमणार नाही.
माझं येणं होणार नाही.

पहिल्यात ठरवणारी तुम्ही, म्हणून ते तोडून टाकल्यासारखं लागतं. दुसऱ्यात असमर्थता आहे, पण वाक्याच्या डोक्यावर अजून ‘मी’च बसलाय. व्याकरणात काही चूक नाही, कचेरीतल्या बैठकीला चालेल. तिसऱ्यात ‘मी’चा ‘मला’ झाला, म्हणजे परिस्थिती तुमच्यावर आली, तुम्ही काही केलं नाही. चौथ्यात तर करणारा कुणी उरलाच नाही. दोष कुणाचाच नाही. घरच्या माणसाला नाही म्हणायचं तर तिसरं किंवा चौथं.

चहाबिस्कीट
मी पाचवं म्हणते: ‘येणं होईल असं वाटत नाही.’ सगळ्यात मऊ.

जुना खडू
मऊ आहे खरं. पण मिरजकरांच्या जिलेबीचं काय? तुमच्या पाचव्यात दार किलकिलं राहतं, यजमान परत आग्रह करतो, तुम्ही परत नाही म्हणता. एकदा दुखावण्याऐवजी दोनदा. चौथं मऊ असूनही पक्कं आहे.

‘खेद’ सरकारी पत्रकातला. ‘दिलगीर आहे’ त्याहून बरा. मुळात फारसी, ‘दिल’ त्यातच बसलंय. पण मित्राला तोही परका वाटेल. मित्राला ‘वाईट वाटतंय’ पुरे.

राहिलं आमंत्रण-निमंत्रण. चहाबिस्कीट, तुमच्या शाळेने अर्धं सांगितलं. पाणिनीच्या एकाच सूत्रात हे दोन्ही शब्द शेजारी शेजारी येतात आणि टीकाकार त्यांतला फरक सांगतात. जिथे जाणं बंधनकारक ते निमंत्रण, जिथे यावं की न यावं ही ज्याची त्याची मर्जी ते आमंत्रण. शुभ-अशुभाशी संबंध नाही. सिद्धान्तकौमुदीत निमंत्रणाचं उदाहरणच मुळी श्राद्धाच्या जेवणाचं आहे, तेही मुलीच्या मुलाला, दौहित्राला, बोलावण्याचं. आजच्या मराठीत हा फरक उरलेला नाही, दोन्ही बिनदिक्कत वापरा. आणि तुमच्या मजकुरात तर दोन्हींची गरज नाही. ‘आठवणीने बोलावलंस’ म्हणा.

कावेरीकाठ
खडू सर, श्राद्धाचं उदाहरण वाचून अंगावर काटा आला. कारण माझं ‘प्रायर कमिटमेंट’ म्हणजे तेच आहे. त्याच दिवशी बेळगावला आजीचं वर्षश्राद्ध आहे, आईच्या आईचं. तिथीवर धरलंय, त्यामुळे रविवारी सरकवताही येत नाही. लग्नाच्या शुभेच्छांत ‘श्राद्ध’ कसं लिहू, म्हणून ती ‘पूर्वनियोजित वचनबद्धता’ आणली होती.

जुना खडू
म्हणजे त्या टीकाकारांच्या हिशेबाने तुम्हाला बेळगावचं निमंत्रण आहे आणि सांगलीचं आमंत्रण. मुलीच्या मुलीला हा नियम लावावा की नाही ते वैयाकरणांनी ठरवावं.

लिहू नका हे बरोबर. पण ‘वचनबद्धता’ही नको, ते जाहीरनाम्यातलं. ‘पूर्वनियोजित कार्यक्रम’ही टाळा. इंग्रजी वाचणारा त्यावर समाधानी असतो, पुढे विचारणं त्याला आगाऊपणा वाटतो. मराठी माणसाला मात्र तिथे काहीतरी दडवल्याचा वास येतो. थोडं तरी खरं सांगावं लागतं.

चहाबिस्कीट
‘घरी कार्य आहे’ लिही ना. खोटंही नाही.

सातासमुद्रापार
नका लिहू. मी न्यू जर्सीतून असंच एकाला ‘घरी कार्य आहे’ कळवलं होतं, तेव्हा आमच्याकडे दिवसकार्य होतं. त्याने ‘अरे वा, कुणाचं?’ म्हणून अभिनंदनाचे तीन मेसेज धाडले. नुसतं ‘कार्य’ म्हटलं की ऐकणारा मंगलकार्यच धरतो. आणि मला तर हे कारण-बिरण प्रकरणच पटत नाही. ‘नाही जमत, शुभेच्छा’ इतकं पुरेसं असायला हवं.

जुना खडू
हवं खरं, पण सांगलीत नसतं.

‘त्या दिवशी घरच्यांसोबत बेळगावला असणं भाग आहे.’ गाव आलं, माणसं आली, खोटं एक अक्षर नाही. ‘भाग आहे’ने टाळता येत नाही हेही कळलं. त्याला उलगडा हवा असेल तर लग्न झाल्यावर समोरासमोर सांगा.

आणखी एक. तुम्ही दोघं एरवी तू-तुम्ही काय म्हणता?

कावेरीकाठ
तू. लिहिताना ‘आपण’ सभ्य वाटलं.

जुना खडू
रोज तू म्हणणाऱ्याला अचानक ‘आपण’ म्हटलं की तो विचारात पडतो, हिला राग आलाय का? आदर दाखवायचा तर त्याच्या आई-बाबांचा उल्लेख करून दाखवा. त्यांनी बोलावलंय हे त्याने मुद्दाम लिहिलंय. त्याला उत्तर दिलं नाहीत तर तेच जास्त लागेल.

चहाबिस्कीट
केळवण! लग्नाआधी त्याचं केळवण कर. आमच्या ऑफिसात लग्नाला जाता न येणारे हमखास करतात. मग ‘नाही’नंतर लगेच काहीतरी ‘हो’ येतं.

मुक्काम पोस्ट मिरज
वर्षाच्या आत केळवण घरी करू नये म्हणतात. बाहेर जेवायला न्या.

चहाबिस्कीट
वर्ष तर पुरंच होतंय की. आणि मुलीकडच्या नातीला काय लागू?

मुक्काम पोस्ट मिरज
आमच्याकडे मानतात. तुमचं तुम्ही बघा.

कावेरीकाठ
बाहेरच नेते, आधी ऑफिसजवळची थाळी ठरलेलीच आहे. हे बघा आता:

‘पत्रिका मिळाली. आठवणीने बोलावलंस, खूप छान वाटलं. पण लग्नाला माझं येणं होणार नाही रे. त्या दिवशी घरच्यांसोबत बेळगावला असणं भाग आहे. अक्षता टाकायला मी नसेन याचं वाईट वाटतंय, मन मात्र सांगलीतच असेल. आई-बाबांनाही सांग, राग मानू नका म्हणावं. केळवण माझ्याकडून, येत्या आठवड्यात दिवस तू सांग. तुम्हा दोघांना खूप खूप शुभेच्छा!’

सातासमुद्रापार
‘मन मात्र सांगलीतच असेल’ हे अजून इंग्रजीच आहे. बेळगावला श्राद्धाला बसून मन सांगलीत कशाला? काढून टाक.

जुना खडू
मला ते चालेल, मराठीत मन पूर्वीपासून कुठेही जाऊन येतं. पण या दिवसापुरता तुमचा मुद्दा बरोबर आहे. ‘वाईट वाटतंय’ला पूर्णविराम द्या. आणि ‘राग मानू नका म्हणावं’ फार छान उतरलंय, ते कुठल्या इंग्रजीतून आलं?

कावेरीकाठ
आजी म्हणायची. ‘मन मात्र’ काढलं. पाठवते.

कावेरीकाठ
त्याचं उत्तर आलं: ‘बुधवारी चालेल. आईने विचारलंय, बेळगावहून येताना कुंदा आणणार का?’

चहाबिस्कीट
म्हणजे राग नाही.

मुक्काम पोस्ट मिरज
एक ताट कमी धरा म्हणावं त्यांना.