चतुर्थक म्हणजे चौथा भाग की त्या भागाची सीमा? आलेखाच्या एका फोटोवरून निघालेली शब्दचर्चा

सायंशिकवणी
माझ्याकडे अकरावीच्या शिकवणीला येणाऱ्या एका विद्यार्थिनीने आलेखवहीतील एका पानाचा फोटो पाठवला आहे. एका गावातील ८० शेतकऱ्यांनी एका दिवशी डेअरीला घातलेल्या दुधाचा तो 'पेक्षा कमी' प्रकारचा संचित वारंवारता वक्र आहे. फोटो तिरका आला असला तरी शेजारची सारणी नीट वाचता येते. १–५ लिटर घालणारे १० शेतकरी, ६–१० लिटरचे १८, ११–१५ चे २४, १६–२० चे १६, २१–२५ चे ८ आणि २६–३० चे ४, अशी ती आहे. वक्रावरून पहिले चतुर्थक, मध्यक आणि तिसरे चतुर्थक काढायचे आहे. तिने अनुक्रमे २०, ४० आणि ६० अशी उत्तरे लिहिली आहेत. चतुर्थक म्हणजे चौथा भाग आणि ८० चा चौथा भाग २०, असे तिचे म्हणणे आहे. सूत्राने उत्तर वेगळे येते हे मला ठाऊक आहे, पण शब्दाच्या अंगाने तिला काय सांगावे हे समजत नाही. चतुर्थक हे नेमके कशाचे नाव आहे?

कोनमापक
मध्यगा शिरोबिंदूपासून समोरच्या बाजूच्या मध्यबिंदूपर्यंत जाते आणि मध्यगासंपातबिंदू तिला २ : १ या प्रमाणात विभागतो. त्यामुळे ४० हे उत्तर कोणत्या बाजूचे आहे, हे आधी स्पष्ट करावे.

सायंशिकवणी
प्रश्न त्रिकोणाच्या मध्यगेचा नसून सांख्यिकीतील मध्यकाचा आहे.

जुना फळा
त्या मुलीने शब्द ठीक फोडला आहे, पण तो चुकीच्या अक्षावर लावला आहे. चौथा भाग करायचा तो शेतकऱ्यांचा, आणि चतुर्थक म्हणायचे ते दुधाच्या मापाला. ८० शेतकरी कमी दुधापासून जास्त दुधापर्यंत ओळीने उभे केले, तर पहिले २० जिथे संपतात तिथले लिटर म्हणजे पहिले चतुर्थक होय. २० हा ओळीतील क्रमांक झाला. म्हणून उत्तराला एकक लावून पाहण्याची सवय मी मुलांना लावत असे. '२० शेतकरी' हे दुधाच्या मापाचे उत्तर होऊ शकत नाही, हे मग त्यांचे त्यांनाच कळते. शिवाय तिसरे चतुर्थक ६० लिटर असे लिहिताना सारणीत ३० लिटरच्या पुढे कोणीच नाही, हे नजरेस यायला हवे होते.

आता वक्र वाचू. उभ्या अक्षावर २० पाशी बोट ठेवावे, आडवे जाऊन वक्राला भिडावे आणि तिथून सरळ खाली उतरावे. आडव्या अक्षावर जिथे पोचू ते पहिले चतुर्थक. सारणीतून पडताळा घ्यायचा तर संचित वारंवारता १०, २८, ५२, ६८, ७६, ८० अशा येतात. विसावा शेतकरी ६–१० या वर्गात पडतो. वर्ग सलग केले की त्याची खालची सीमा ५.५ होते. तिच्या आधी १० शेतकरी झालेले आहेत, म्हणजे या वर्गातील १८ पैकी आणखी १० हवेत. म्हणून ५.५ + (१० ÷ १८) × ५, म्हणजे सुमारे ८.२८ लिटर. मध्यकासाठी ११–१५ या वर्गातील २४ पैकी १२ हवेत, तेव्हा १०.५ + २.५ = १३ लिटर. तिसऱ्या चतुर्थकासाठी १६–२० मधील १६ पैकी ८ हवेत, तेव्हा १५.५ + २.५ = १८ लिटर.

जाता जाता सांगतो. या वक्राला ओजाइव्ह हे नाव गॉल्टनने १८७५ मध्ये वापरले, तेव्हा त्याची मांडणी आजच्या उलट होती. क्रमांक आडव्या अक्षावर आणि मापे उभ्या अक्षावर असत. त्या मुलीने उभ्या अक्षावरचा आकडा उचलला, तो गॉल्टनच्या कागदावर बरोबर ठरला असता.

खतावणी
आम्ही वाणिज्य शाखेत पहिल्या चतुर्थकासाठी n अधिक १ भागिले ४ असेच शिकलो आहोत. त्यामुळे २० नव्हे तर २०.२५ वा शेतकरी घ्यायला हवा आणि उत्तर ८.३५ च्या आसपास यायला हवे. सूत्रातील अधिक १ वगळण्याचा अधिकार कोणालाही नाही.

जुना फळा
तुमचे सूत्र खरे आहे, पण ते सुट्या आकड्यांसाठी. प्रत्येक शेतकऱ्याचे दूध वेगवेगळे लिहिलेले असेल तर एकेका शेतकऱ्याकडे बोट दाखवता येते आणि २०.२५ या स्थानाला अर्थ राहतो. वर्गीकृत सारणीत माणसे वर्गाच्या रुंदीवर सारखी पसरली आहेत असे आपण धरतो. तिथे विसावा माणूस कोण हे कोणालाच ठाऊक नसते, म्हणून पूर्ण N चे चार सारखे भाग करतात. याचा पुरावा आलेखातच आहे. त्याच कागदावर 'पेक्षा जास्त' प्रकारचा वक्र काढला तर दोन्ही वक्र एकमेकांना ४० या उंचीवर छेदतात, ४०.५ वर नव्हे, कारण त्या बिंदूपाशी कमी असणारे आणि जास्त असणारे मिळून ८० च होतात.

खतावणी
छेदनबिंदूचा मुद्दा मान्य आहे. मग त्या दुसऱ्या वक्रावरही २० घेऊन खाली उतरलो तर पहिले चतुर्थक मिळेल, हे तरी खरे ना?

जुना फळा
नाही, तिथे तिसरे चतुर्थक मिळेल. 'पेक्षा जास्त' वक्रावर २० म्हणजे ज्याच्या वर २० शेतकरी आहेत ते माप, आणि ते १८ लिटर आहे. पहिले चतुर्थक हवे असेल तर त्या वक्रावर ६० घ्यावे लागतात.

दुभाषी
मी अहवालांची भाषांतरे करते आणि तिथे माझी अडचण नेमकी उलटी आहे. 'सर्वांत वरच्या चतुर्थकातील कुटुंबे' अशी रचना मी कितीदा तरी केली आहे. इथल्या खुलाशाप्रमाणे चतुर्थक हा एक बिंदू असेल, तर त्याच्या 'आत' कुटुंबे राहणार कशी? शिवाय बिंदू तीनच असतात, पण माझ्या अहवालांत चतुर्थके नेहमी चार येतात.

जुना फळा
तीन आणि चार हा फरक तुम्ही अचूक हेरला आहे. तीन रेषांनी चार पट्टे होतात. अकरावीच्या अर्थशास्त्रात या राशींना विभाजन मूल्ये म्हणतात, आणि त्यातील 'मूल्ये' हा शब्द बिंदूच्या बाजूने आहे. गटासाठी 'चतुर्थक गट' किंवा 'वरचा चौथा हिस्सा' असे लिहावे असे माझे मत आहे.

दुभाषी
'चौथा हिस्सा' लिहिले की वाचक उत्पन्नाचा चौथा हिस्सा समजतो, कुटुंबांचा नव्हे. त्यामुळे मी बहुधा 'चतुर्थकातील' हेच चालू ठेवीन. अहवाल वाचणाऱ्याला आलेख काढायचा नसतो.

सायंशिकवणी
एककाची युक्ती मुलीला पटली. तिने वक्र पुन्हा वाचला आणि पहिले चतुर्थक ५.८, मध्यक १०.५ आणि तिसरे चतुर्थक १५.५ अशी उत्तरे पाठवली. तिसऱ्यातून पहिले वजा केले तर ९.७ येतात आणि सूत्राच्या उत्तरांतूनही ९.७ च येतात. म्हणून हा फरक फोटो तिरका असल्यामुळे पडला असावा असे मला वाटते.

रेघपट्टी
फोटो तिरका असता तर तिन्ही उत्तरे वेगवेगळ्या अंतरांनी सरकली असती. इथे तिन्ही बरोबर २.५ ने मागे आहेत, आणि २.५ म्हणजे वर्गाची अर्धी रुंदी. वक्राचे ठिपके वर्गाच्या वरच्या सीमेवर द्यायचे ते वर्गमध्यावर, म्हणजे ३, ८, १३ वर दिले गेले आहेत. वारंवारता बहुभुज काढण्याची सवय इथे नडते. संपूर्ण वक्र सारखाच डावीकडे सरकतो, त्यामुळे वजाबाकी जुळते आणि चूक लपते. ओळखायचे कसे, तर मध्यक सारणीत शोधावा. १०.५ पर्यंत फक्त २८ शेतकरी होतात, ४० होत नाहीत. फोटोतील पहिला वरचा ठिपका कोणत्या रेषेवर आहे ते पाहून सांगावे.

तिरक्या फोटोचे म्हणाल तर पडद्यावर पट्टी ठेवून मोजू नये, घरे मोजावीत. आडव्या अक्षावर १ सेंमी = ५ लिटर असेल तर बारीक घर अर्ध्या लिटरचे होते. फोटोत जवळची घरे मोठी आणि लांबची लहान दिसतात, पण त्यांची संख्या बदलत नाही. मोजणी मात्र जवळच्या आकडा लिहिलेल्या रेषेपासून करावी, शून्यापासून नव्हे, म्हणजे एखादे घर चुकले तरी चूक साठत जात नाही. अशा वाचनात ८.२८ कधीच मिळणार नाही. आठच्या पुढे अर्धे घर, म्हणजे ८.२५ च्या आसपास, इतकेच म्हणता येईल. हाताने गोलसर वक्र काढला असेल तर तेही थोडे हलेल, कारण सूत्र ठिपक्यांमध्ये सरळ रेषा धरते.

सायंशिकवणी
आपले म्हणणे बरोबर निघाले. १० च्या उंचीचा ठिपका ३ वर आहे. तो ५.५ वर न्यायला सांगितले आहे. मात्र तिची एक मैत्रीण ५.५ न घेता सरळ ६ घेते, रुंदी ४ धरते आणि तरीही मध्यक १३ च काढते. हे कसे?

जुना फळा
मध्यक इथे वर्गाच्या बरोबर मधोमध पडला म्हणून. खालची सीमा अर्ध्याने वर गेली आणि रुंदीतील एक कमी झाल्याने निम्म्यावर अर्धाच घटला, तेव्हा दोन चुका एकमेकींत जिरल्या. तिसऱ्या चतुर्थकातही तसेच होऊन १८ येतील. पहिले चतुर्थक मात्र ८.२२ येईल, तिथे ती सापडते. तिच्या रीतीत १० आणि ११ यांच्यामधली जागा कोणत्याच वर्गाची नाही, हे तिला दाखवावे.

खतावणी
माझे घर दूध घालणाऱ्यांचे आहे, म्हणून विचारतो. ५.७ लिटर दूध घातले तर तो शेतकरी कोणत्या वर्गात मोजला? जवळच्या पूर्णांकाला नेले असेल तर ६–१० मध्ये. पण वरचे दशांश सोडून नुसते पूर्ण लिटर मोजले असतील तर तो १–५ मध्येच राहील, आणि मग सीमा ५.५ नव्हे तर ६ होईल.

जुना फळा
हा प्रश्न योग्य आहे. वयाच्या सारणीत असेच होते. पूर्ण झालेली वर्षे लिहितात, म्हणून १०–१४ हा वर्ग खरोखर १० पासून १५ पर्यंतचा असतो. दुधाच्या बाबतीत तसे धरले तर रुंदी ५ च राहील, पण तिन्ही उत्तरे अर्ध्या लिटरने वाढून ८.७८, १३.५ आणि १८.५ होतील. परीक्षेत मात्र काही सांगितले नसेल तर ५.५ घेण्याचा प्रघात आहे.

सायंशिकवणी
फोटोच्या वरच्या कडेला सारणीचे शीर्षक अर्धे कापले गेले आहे आणि 'पूर्ण' एवढाच शब्द दिसतो. पुढे 'लिटर' आहे की 'पूर्णांकात' आहे, ते कळत नाही. पानाचा नवा फोटो मागवला आहे.

खतावणी
'पूर्ण लिटर' निघाले तर माझे ६ धरावेत.

रेघपट्टी
तेव्हा वक्राचे ठिपकेही ६, ११, १६ वर न्यावे लागतील. नवा फोटो येईपर्यंत तिने ठिपके पेन्सिलीनेच द्यावेत.