मदत हवी आहे: चिलर प्लांटच्या संचालन व देखभाल पुस्तिकेची प्रस्तावना कशी लिहावी?

प्लांटरूम_पुणे: नमस्कार. आमच्या कार्यालयीन इमारतीत 200 टनांचे दोन वॉटर-कूल्ड चिलर, त्यांचे पंप आणि गच्चीवर दोन कूलिंग टॉवर आहेत. ठेकेदाराने पुस्तिका म्हणून उत्पादकांच्या कॅटलॉगांचे गठ्ठे दिले असून शिफ्टमधील ऑपरेटर ते उघडतही नाहीत. त्यामुळे मराठीत दोन पानांची प्रस्तावना लिहिण्याचे काम माझ्याकडे आले आहे. सध्या माझ्या मसुद्यात यंत्रांची यादी, अनुक्रमांक आणि वॉरंटीच्या तारखा आहेत. मात्र ऑपरेटरला त्याचा काय उपयोग, हे मलाच सांगता येत नाही. उदाहरणार्थ, हल्ली दुपारी दोन्ही चिलर चालतात आणि पाणी 7 अंशाने जाऊन 9 अंशाने परत येते. एक बंद केला की वरचे मजले तापतात. असे का होते, हे प्रस्तावनेतून कळावे का?

सोसायटी_सचिव: आमच्या सोसायटीत पाण्याचे पंप आणि जनरेटर यांची वार्षिक देखभाल एकाच ठेकेदाराकडे आहे आणि पुस्तिका तोच ठेवतो. तुम्हीही करारात तशी अट घाला, म्हणजे लिहिण्याचा प्रश्नच उरणार नाही.

प्लांटरूम_पुणे: धन्यवाद, पण रात्री दोन वाजता प्लांटरूममध्ये ठेकेदार नसतो, आमचा ऑपरेटर असतो.

थंडहवा: चिलरचा सेट पॉइंट 7 वरून 5 करून पाहा, एका चिलरवर भागेल. प्रस्तावनेत एवढेच लिहा की चालू-बंद करण्याचा क्रम कंट्रोलर स्वतः सांभाळतो. ऑपरेटरने हात लावू नये.

जुना_एचव्हीएसी: यंत्रांची यादी परिशिष्टात टाका. प्रस्तावनेत पाण्याचा प्रवास लिहा: चिलरमधून निघालेले पाणी हेडरमधून मजल्यांवर कसे जाते, उष्णता घेऊन कसे परतते आणि ती उष्णता कंडेन्सरच्या पाण्यातून टॉवरपर्यंत कशी पोहोचते. हे समजले की चालू करताना आधी दोन्ही बाजूंचे पाणी फिरते करायचे, टॉवरचा पंखा तयार ठेवायचा आणि मगच चिलर सुरू करायचा, हा क्रम पाठ करावा लागत नाही. बंद करताना आधी चिलर थांबवायचा आणि पंप काही मिनिटे चालू ठेवायचे.

आता तुमचे उदाहरण. दोन्ही चिलर 7 आणि 12 अंशांसाठी योजलेले असतील आणि प्रवाह ठरल्याप्रमाणे असेल, तर 5 अंशांऐवजी 2 अंशांचा फरक म्हणजे प्रत्येकावर सुमारे 40 टक्के भार. म्हणजे दोन्ही मिळून एका चिलरच्या 80 टक्के. एक पुरायला हवा. तो पुरत नाही, म्हणून एक विचारतो: पंप समाईक हेडरवर आहेत का, आणि चिलर बंद केल्यावर त्याचा व्हॉल्व्ह कोण बंद करते?

प्लांटरूम_पुणे: पंप समाईक हेडरवर आहेत. चिलरसोबत एक पंप बंद करतो. व्हॉल्व्ह हाताने फिरवायचे आहेत, पण ते कोणी बंद करत नाही.

जुना_एचव्हीएसी: मग कारण बहुधा तेच आहे. एका पंपाचे पाणी दोन्ही चिलरमध्ये निम्मे-निम्मे वाटले जाते आणि बंद चिलरमधून ते तसेच कोमट बाहेर पडून हेडरमध्ये मिसळते. तोच भार धरला तर चालू चिलरमधून 7 अंशांचे आणि बंद चिलरमधून 15 अंशांचे पाणी येऊन मजल्यांना 11 अंशांचे मिळेल. प्रत्यक्षात मजल्यांवर तेवढा गारवा मिळणार नाही, त्यामुळे आकडे थोडे वेगळे दिसतील. पण खूण तीच. चिलरच्या पॅनलवर 7 दिसते, म्हणून ऑपरेटर प्लांट ठीक आहे असे समजतो. खरे तापमान मिश्रणानंतरच्या हेडरवरील थर्मामीटर सांगतो. शिवाय चालू चिलरमधून निम्माच प्रवाह जात असल्याने तो फ्लो स्विचवर ट्रिपही होऊ शकतो.

थंडहवा यांच्या उपायाने हेडरचे पाणी थोडे गार होईल हे खरे, पण वीज जास्त लागेल आणि कमी प्रवाहात 5 अंशांचे पाणी काढताना इव्हॅपोरेटर गोठण्याच्या अधिक जवळ जाईल. कंट्रोलर क्रम सांभाळतो हेही मान्य. मात्र हाताने फिरवायचा व्हॉल्व्ह त्याला दिसत नाही.

थंडहवा: व्हॉल्व्हचा मुद्दा मान्य. तरी सेट पॉइंटचे आकडे प्रस्तावनेत घालू नका. ऋतूनुसार ते बदलतात आणि छापील आकडा वर्षानुवर्षे तसाच राहतो.

जुना_एचव्हीएसी: इथे माझे मत वेगळे आहे. मूळ योजनेचे 7 आणि 12 हे आकडे प्रस्तावनेत हवेतच, नाहीतर परतीचे 9 अंश बिघडलेले आहेत की बरोबर, हे ऑपरेटरने कशाशी ताडून पाहायचे? चालू सेट पॉइंट लॉगबुकात ठेवा.

प्लांटरूम_पुणे: आज बंद चिलरचा व्हॉल्व्ह बंद करून पाहिला. हेडरवरील पाणी 7.5 अंशांपर्यंत आले आणि दुपारी एकच चिलर चालला, परंतु सर्वांत वरच्या मजल्यावरून अजून तक्रार आहे. तिथल्या एअर हँडलिंग युनिटला पुरेसे पाणी पोहोचत नसावे, की फिल्टर तुंबला आहे, हे तपासायचे आहे. प्रस्तावना पाण्याच्या प्रवासापासून नव्याने लिहीत आहे. व्हॉल्व्हला क्रमांकाची पट्टीच नाही. ती लावेपर्यंत मजकुरात त्याचा उल्लेख कसा करावा?

जुना_एचव्हीएसी: तूर्त जागेवरून लिहा, ‘चिलर दोनच्या थंड पाण्याच्या निर्गम पाइपवरील व्हॉल्व्ह’ असे. वरच्या मजल्याचे आधी फिल्टरच पाहा. त्याच्या दोन्ही बाजूंच्या दाबातला फरक किती दिसतो, ते इथे लिहा.